हिरव्या चुड्याचा सीन हिरव्या पडद्यावर घेताना

बेळगावातल्या छोट्या स्टुडिओत नवरी राजहंसगडावर उभी दाखवायची असेल, तर स्क्रिप्टमध्ये सीनच्या मथळ्याखालीच लिहा: ‘क्रोमा, कमरेपासून वर, ऊन डावीकडून.’ क्रोमा म्हणजे हिरव्या पडद्यासमोर शूट करून एडिटिंगमध्ये तो रंग काढायचा आणि तिथे गडाचं दृश्य बसवायचं. गडाचं फुटेज आधी शूट करा, म्हणजे मुख्य लाईट त्याच बाजूला लावता येतो. हिरवा चुडा मात्र पडद्याबरोबर गायब होतो आणि मनगट तुटल्यासारखं दिसतं. चुडा कथेला हवाच असेल तर निळा पडदा लावा आणि निळी साडी टाळा. पडद्याला वेगळे, सारखे पसरलेले लाईट द्या. नवरीला पडद्यापासून सहा-सात फूट पुढे उभं करा. जवळ उभी राहिली तर पडद्याचा रंग आधी जरीच्या काठावर आणि गालाच्या कडेला उतरतो. टेस्ट शॉट झूम करून तिथेच बघा.