जपानी गेम इंग्रजीत आणताना या चुका टाळा

निन्टेन्डो स्विच जपानमधून आणलेला असो किंवा घरातल्या कुणीतरी गंमत म्हणून भाषा बदललेली असो, गेम जपानीत उघडला की बहुतेक जण भाषेचा पर्याय गेमच्या मेनूतच शोधत बसतात. पहिली चूक इथेच होते.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ＋ दाबलं की सामानाची पिशवी उघडते आणि R दाबलं की सिस्टीमचं पान येतं. तिथे セーブ म्हणजे सेव्ह, ロード म्हणजे लोड. दोन्हींत तीनच अक्षरं, त्यामुळे घाईत गफलत होते. ロード निवडून पुढे はい (हो) दाबलंत, तर सेव्ह न केलेला खेळ गेला. नको असेल तर いいえ. オプション मध्ये आवाजाची भाषा बदलता येते. ती इंग्रजी केली की पात्रं इंग्रजी बोलतात, पण मजकूर जपानीच राहतो, कारण तो कन्सोलच्या भाषेवर चालतो. पिशवीत अंदाजाने बटणं दाबू नका. कुठल्याही गेममध्ये वस्तूपुढे 捨てる दिसलं, तर ती वस्तू टाकून दिली जाईल.

म्हणून होम बटण दाबा, खालच्या रांगेतल्या दातेरी चाकावर जा. वर 設定, म्हणजे सेटिंग्ज, लिहिलेलं दिसेल. डावीकडची यादी अगदी तळापर्यंत नेली की 本体 येतं. त्यात उजवीकडे 言語 शोधा. भाषांची नावं त्या त्या लिपीत असल्याने English लगेच सापडतं. कन्सोल रीस्टार्ट व्हायला मागेल, ते ठीक आहे. याच यादीच्या शेवटी 初期化 आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथून कन्सोलवरचा डेटा पुसला जाऊ शकतो.

पोकेमॉनच्या मुख्य मालिकेचं गणित वेगळं. उदाहरणार्थ ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये भाषा सुरुवातीलाच विचारतात आणि ती त्या सेव्हला कायमची चिकटते. कन्सोल इंग्रजी करूनही फरक पडत नाही, त्यामुळे सेटिंग्ज पालथी घालण्यात वेळ जातो. शिवाय सुरुवातीला हिरागाना ही साधी जपानी लिपी निवडली असेल, तर 設定 ऐवजी せってい दिसतं. कांजी या चिनी वळणाच्या अक्षरांच्या आकारावर भिस्त ठेवून शोधणाऱ्याला ते सापडत नाही. मेनूतला レポート म्हणजे इथे सेव्ह, अहवाल वगैरे काही नाही. जुना खेळ ठेवून इंग्रजीत खेळायचं असेल, तर कन्सोलवर दुसरा युजर बनवा आणि त्याच्याकडून गेम नव्याने सुरू करा. प्रत्येक युजरचा सेव्ह वेगळा असतो. मग जुना सेव्ह पुसायची गरजच काय?

2025 मध्ये आलेल्या स्विच 2 चं जपानमधलं स्वस्त मॉडेल (तेव्हा 49,980 येन) मात्र भाषेच्या बाबतीत बंदिस्त आहे. त्याची सिस्टीम भाषा फक्त जपानी. जपानमधल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल, तर बहुभाषिक मॉडेल मागवा; 2025 मध्ये ते 69,980 येनला होतं. पेटीवर 日本語・国内専用, म्हणजे जपानी भाषा आणि फक्त जपानसाठी, असं लिहिलं असेल, तर कन्सोलची भाषा बदलण्याची वाट तिथे चालणार नाही.