पाणीपुरवठा योजनेच्या व्यवहार्यता अहवालाचा सारांश सदस्यांसाठी कसा लिहावा

सारांश म्हणजे अहवालाची छोटी आवृत्ती नव्हे. प्रत्येक प्रकरणातले दोन-दोन परिच्छेद उचलून जोडायचे, हा सल्ला मला अजूनही सगळीकडे दिसतो आणि तो चुकीचा आहे. शंभर पानी अहवाल अभियंत्यांसाठी असतो. सारांश त्या माणसांसाठी असतो ज्यांना सभेत हात वर करायचा आहे आणि पुढची वीस-तीस वर्षे त्या हाताची जबाबदारी गावात वावरताना घ्यायची आहे. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: पाणी खरोखर आहे का, योजना चालवायला दर महिन्याला काय लागेल, आणि आज त्यांनी नेमके काय ठरवायचे आहे. दोन पाने पुरतात.

अहवाल संपूर्ण वाचलेला आहे आणि परिशिष्टे हाताशी आहेत असे धरून सांगतो.

पहिली पायरी: निर्णय पहिल्याच वाक्यात लिहा. ‘विहिरीवर आधारित योजनेचे सविस्तर आराखडे करण्यास मंजुरी द्यावी, मात्र दुसऱ्या उद्भवाची सोय झाल्याशिवाय बांधकाम सुरू करू नये.’ एवढे सरळ. उद्भव म्हणजे पाणी जिथून घ्यायचे ती जागा. प्रस्तावना, पार्श्वभूमी, गावाचा इतिहास यांतले काहीही त्याच्या आधी नको.

दुसरी पायरी: गरज सांगा. लोकसंख्या आज किती, योजनेच्या शेवटच्या वर्षी किती धरली, माणशी रोज किती पाणी, आणि वाटेत गळतीत किती जाणार. पुढच्या हिशेबासाठी एक गाव घेऊ: आज 2,000 माणसे, शेवटच्या वर्षी 2,700, माणशी 55 लिटर, गळती 15 टक्के. घरांपर्यंत पोचायला हवे सुमारे 1,48,500 लिटर, म्हणून विहिरीतून रोज उचलायला हवे सुमारे 1,75,000 लिटर. सारांशात हा शेवटचा आकडाच ठेवा, बाकीची आकडेमोड अहवालात राहू द्या.

तिसरी पायरी: उद्भव पुरेल का, हे सांगा. इथे सावकाश जा. मी इथेच चुकलो होतो आणि त्याचे परिणाम एका गावाने भोगले.

उद्भव म्हणजे पाणी जिथून घ्यायचे ती जागा. आमच्या अहवालात उद्भव म्हणून सहा मीटर व्यासाची विहीर होती. परिशिष्टात उपसा चाचणीचे पान होते: पंपाने ताशी 12,000 लिटर पाणी चार तास उपसले, पंप एकदाही कोरडा पडला नाही. मी सारांशात लिहिले, ‘विहिरीची क्षमता ताशी 12,000 लिटर असून सोळा तासांच्या उपशात रोज 1,92,000 लिटर पाणी मिळेल. गरजेपेक्षा जास्त पाणी उपलब्ध आहे.’ सदस्यांनी विश्वासाने ठराव केला. नळ आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाच्या नळांना पाणी येईना. तिथल्या एका सदस्य बाईंनी मला विचारले, ‘तुम्ही तर जास्त पाणी आहे म्हणाला होता ना?’ मला उत्तर देता आले नाही.

चूक अशी होती की ताशी 12,000 लिटर हा पंपाचा आकडा होता, विहिरीचा नव्हता. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे 28,000 लिटर साठा असतो. चार तासांत 48,000 लिटर उपसले आणि त्याच पानावर, खालच्या रकान्यात, पातळी दीड मीटर उतरल्याची नोंद होती. दीड मीटर म्हणजे 42,000 लिटर. म्हणजे उपसलेल्या पाण्यापैकी बहुतेक सगळे आधीच विहिरीत साठलेले होते. चार तासांत झऱ्यांतून नवीन आले ते जेमतेम 6,000 लिटर. आम्ही विहिरीची आवक मोजलीच नव्हती, फक्त तिचा साठा थोडा रिकामा केला होता. शिवाय चाचणी पावसाळा संपल्या-संपल्या घेतलेली होती, तेव्हा विहीर काठोकाठ होती.

म्हणून सारांशाला हात घालण्याआधी चाचणीचे पान स्वतः उघडा आणि चार नोंदी शोधा: चाचणी कोणत्या महिन्यात झाली, किती तास चालली, उपसताना पातळी किती उतरली, आणि पंप बंद केल्यावर ती किती वेळात किती चढली. चौथी नोंद सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच गाळलेली असते. ती नसेल तर ‘पाणी पुरेसे आहे’ हे वाक्य लिहू नका. अहवाल करणाऱ्याला चाचणी पुन्हा घ्यायला सांगा, आणि ती वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात घ्यायला सांगा. त्यासाठी योजना काही महिने थांबली तरी चालेल. तोपर्यंत सारांशात ‘कोरड्या महिन्यातली आवक अजून मोजलेली नाही’ असे ठळक लिहून द्या.

त्या विहिरीवर आम्ही नंतर काय केले ते सांगतो. ऐन उन्हाळ्यात सकाळी उपसा करून पातळी तळाजवळ आणली, पंप बंद केला, काठावरून मोजपट्टी सोडून पातळी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजली. पाणी चार मीटर चढले होते. चार गुणिले 28,000 म्हणजे दिवसाला 1,12,000 लिटर. उपसा दिवसातून दोनदा विभागून केला तर थोडे जास्त मिळते, कारण पातळी खाली असते तेव्हा झरे जोरात वाहतात आणि विहीर भरत येते तशी आवक मंदावते. पण सारांशात मोजलेला आकडाच लिहावा, तो थोडा-जास्त सोडून द्यावा. बोअरवेलचे गणित वेगळे असते, तिच्यात साठा नगण्य असतो, पण तिथेही काही तासांची चाचणी पुरत नाही. पातळी एका जागी स्थिरावली की उतरतच राहिली, हे पाहावे लागते.

आता गरज 1,75,000 आणि आवक 1,12,000. हे दोन आकडे शेजारी छापून थांबू नका. लाखांतले लिटर वाचून कुणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ते बादल्यांत आणा. गळती वजा करून घरांपर्यंत पोचतात सुमारे 95,000 लिटर. 2,700 माणसांत वाटले तर माणशी 35 लिटर, पाच जणांच्या घराला 175 लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर रोज साधारण बारा बादल्या. ठरवलेल्या मापाने त्या घराला अठरा मिळायला हव्या होत्या. आजच्या लोकसंख्येलासुद्धा त्या महिन्यात सोळाच मिळतात. मी आता हा परिच्छेद असा लिहितो:

‘वर्षातला बहुतेक काळ विहिरीचे पाणी गावाला पुरेल. सर्वांत कोरड्या महिन्यात पाच जणांच्या कुटुंबाला रोज अठराऐवजी आज सोळा आणि योजनेच्या शेवटच्या वर्षी बारा बादल्या मिळतील. हा तुटवडा भरायला दुसरा उद्भव लागेल. तो अहवालात सुचवला आहे, पण त्याची चाचणी झालेली नाही.’

हे वाचल्यावर सदस्य लगेच कामाचे प्रश्न विचारू लागतात. बारा बादल्यांत घरातले जनावर धरले आहे का? वरच्या घरांनाही बाराच मिळतील की कमी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते आणि तेही सारांशात लिहायला हवे. दुसऱ्याचे उत्तर असे की सरासरी कधीच सारखी वाटली जात नाही, टाकी अर्धी असली की उंचावरचे आणि टोकाचे नळ आधी कोरडे होतात.

काही जण म्हणतात की असे लिहिले तर योजना नामंजूर होईल. माझा अनुभव उलटा आहे. तुटवडा आधी कळलेले सदस्य दुसऱ्या उद्भवासाठी स्वतः धडपडतात. नंतर कळलेले सदस्य पाणीपट्टी मागायला घराघरांत जाऊ शकत नाहीत.

चौथी पायरी: पाण्याची गुणवत्ता. नमुना कधी घेतला आणि निकाल काय, एवढे दोन वाक्यांत. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर मात्र स्पष्ट लिहा की क्लोरीन टाकून किंवा उकळून ते जात नाही. बऱ्याच सदस्यांना वाटते की शुद्धीकरण म्हणजे ब्लीचिंग पावडर.

पाचवी पायरी: महिन्याचा खर्च. बांधकामाचा खर्च एका ओळीत द्या. तो एकदाच येतो आणि बहुतेकदा बाहेरून येतो. गावावर पडतो तो चालवण्याचा खर्च, म्हणून तो दरमहा दर कुटुंबामागे लिहा. त्यातल्या विजेचा अंदाज तुम्ही स्वतः पडताळू शकता: पंप आणि मोटर मिळून निम्मी शक्ती कामी येते असे धरले तर हजार लिटर पाणी 60 मीटर चढवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. वाटेतल्या नळातल्या घर्षणाचा भार त्या 60 मीटरमध्येच धरलेला असावा. आपल्या गावाच्या 1,75,000 लिटरला रोज सुमारे 57 युनिट, महिन्याला 1,700 च्या आसपास. अहवालातला आकडा याच्या निम्मा असेल तर विचारणा करा. त्यात पंप चालवणाऱ्याचा पगार, क्लोरीन आणि दुरुस्ती मिळवा. जळालेली मोटर पुन्हा भरून घेण्याचा खर्च दरवर्षी येत नाही म्हणून गाळलेला असतो, तो जितक्या वर्षांनी येतो तेवढ्या वर्षांच्या महिन्यांत वाटून धरा.

मग भागाकार करताना सगळ्या कुटुंबांनी भागू नका. 540 कुटुंबांपैकी 70 टक्केच नियमित भरत असतील तर भार 378 घरांवर पडतो, म्हणजे ज्या घराचा वाटा 100 निघाला होता त्याचा 143 होतो. सारांशात दोन्ही आकडे द्या. सगळे भरतील तेव्हाचा एकटाच आकडा देणे म्हणजे सदस्यांना अडचणीत पाठवणे आहे.

सहावी पायरी: पर्याय. दोन किंवा तीन, प्रत्येकी तीन ओळी, आणि त्यांत ‘काहीच न करणे’ हा एक पर्याय हवाच. प्रत्येकापुढे तीच दोन मापे लिहा: कोरड्या महिन्यातल्या बादल्या आणि कुटुंबाचा दरमहा वाटा. मापे बदलली की तुलना होत नाही.

सातवी पायरी: सभेआधीची तपासणी. अहवालाशी संबंध नसलेल्या एखाद्या सदस्याला सारांश मोठ्याने वाचून दाखवा, कागद बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा: उन्हाळ्यात तुमच्या घरी किती बादल्या येतील, महिन्याला किती भरावे लागेल, आणि उद्या तुम्ही कशाला मंजुरी देणार आहात? तिन्हींपैकी एकाही उत्तराशी ते अडखळले तर त्या जागेचा परिच्छेद पुन्हा लिहा आणि दुसऱ्या सदस्याला वाचून दाखवा, कारण पहिल्यांना आता उत्तर माहीत झालेले असते.