वीणा धरायला शिकताना या चुका टाळा

माझा गांधार कायम चढा लागायचा. माटुंग्यातल्या कर्नाटकी सरस्वती वीणेच्या क्लासला जाऊन तीन महिने झाले होते. सरळी वरिसै चालू होते, म्हणजे स्वरांचे अगदी पहिले पाठ, आणि तेही मायामाळवगौळ रागात. आपल्याकडच्या भैरवाचेच हे स्वर. मी तंबोऱ्याच्या ॲपशी ताडून पाहायचो आणि चौथा पडदा सरकलाय असं ठरवून मोकळा व्हायचो. एक दिवस बाईंनी माझीच वीणा मांडीवर घेतली आणि तोच पडदा छेडला. गांधार जागच्या जागी होता. वीणा परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "डावा हात काढा बरं."

काढला, तर दांडी झुकली. म्हणजे तीन महिने मी वीणा डाव्या हातावर तोलून धरली होती!

नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. मांडी घालून बसल्यावर मोठा कुडम, म्हणजे वीणेचं पोकळ लाकडी पोट, उजव्या मांडीच्या पलीकडे जमिनीवर टेकतो आणि डावीकडचा छोटा भोपळा डाव्या मांडीवर बसतो. उजव्या तळहाताची कड कुडमाच्या वरच्या फळीच्या काठावर विसावते. एवढ्या आधारावर वीणा स्थिर राहते, डाव्या हाताने तिला पेलायचं नसतं. तो दांडीच्या खालून जातो आणि वर वळून बोटं पडद्यांवर येतात. या हाताला फक्त सरकत राहायचं असतं. म्हणून रोज वाजवायला बसलात की आधी डावा हात पूर्ण सोडून पाहा. दांडी हलली तर बैठक बदला. डावा गुडघा उंच राहत असेल किंवा भोपळा घसरत असेल तर गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल पुरतो.

सतारीवरून आलेल्यांची आणखी एक खोड असते. दांडी वर उचलून तिरकी धरायची हाताला इतकी सवय झालेली असते की ती आपोआप तिरकी होते. वीणेची दांडी जवळजवळ आडवी असते. दुसरं म्हणजे पडदे दिसावेत म्हणून अख्खी वीणा स्वतःकडे कलवणं. असं केलं की डावं मनगट मोडल्यासारखं वाकतं आणि अर्ध्या तासात दुखायला लागतं. पडदे बघायचे तर मान थोडी झुकवा, वीणेला नको.

आता गांधार का चढायचा ते सांगतो. हात भार पेलत असला की अंगठा दांडीला चिमटा काढतो, आणि त्या पकडीत बोटं हव्या त्या जागी पोचत नाहीत. माझं बोट चौथ्या पडद्यावर नव्हतं, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या खोलगट जागेत होतं. वीणेचे पडदे मेणाच्या उंच कड्यांवर बसवलेले असतात, त्यामुळे दोन पडद्यांमध्ये तार दाबली की ती खाली वाकून ताणली जाते आणि स्वर चढतो. दांडीच्या डाव्या टोकाला यालीचं कोरलेलं तोंड असतं. त्या बाजूचे पडदे एकमेकांपासून लांब असतात, म्हणून ही चूक तिथे जास्त ऐकू येते. बोट पडद्याला डाव्या बाजूने अगदी टेकलेलं हवं आणि दाब जेमतेम हवा, स्वर स्वच्छ उमटेल एवढाच. तर्जनी आणि मध्यमेच्या टोकाला खोबरेल तेलाचा नुसता हात लावला तर तारेवर बोट सहज सरकतं. फार तेल लावलंत तर ते पडद्यांच्या मेणावर उतरतं आणि त्यावर धूळ बसते.

तरीही कधीकधी दोष खरोखरच वीणेचा असतो. तो ओळखायचा कसा? पडदे 24 असतात, अर्ध्या अर्ध्या स्वराने चढणारे. सारणी ही पहिली मुख्य तार, आणि मोकळी सारणी म्हणजे षड्ज. मग मायामाळवगौळात पहिल्या पडद्यावर रिषभ, चौथ्यावर गांधार, पाचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, आठव्यावर धैवत, अकराव्यावर निषाद आणि बाराव्यावर तार षड्ज. आधी बारावा पडदा मोकळ्या सारणीशी ताडा. मग शेजारच्या पंचमाच्या तारेचा पाचवा पडदा वाजवा. तोही षड्जच, मोकळ्या सारणीच्या बरोबरीचा. आता संशय असलेला पडदा चारही मुख्य तारांवर वाजवा. सगळ्यांवर तो तेवढाच बिघडत असेल तर पडदा हलला आहे. एकाच तारेवर बिघडत असेल तर तार जुनी झाली आहे, आणि पडदा जितका वरचा तितकी गडबड वाढताना दिसेल. पडदा बरोबर, तार बरोबर आणि तरी सूर चुकतोय, तर बोटाकडे बघा. माझं तेच होतं.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते घरच्या घरी सरकवता येतात. इथे तसं करू नका. पडदे मेणात रोवलेले असतात आणि ते मेण उन्हाने मऊ पडतं. बंद गाडीत दुपारभर ठेवलेल्या वीणेचे पडदे जागचे हलू शकतात. हे काम जाणत्या कारागिराचं आहे. तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या ही कामं करणारी घराणी आहेत, आणि तिथल्या वीणेला भौगोलिक मानांकनही आहे. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे उत्तम कारागीर मिळतील, पण वीणेचं मेण लावता येतं का हे आधी विचारून घ्या.

उजव्या हाताबद्दल थोडक्यात. तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून चालतात, आणि छेड वरून खाली. सतारीतला उलटसुलट दा-रा इथे नाही. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीला अगदी चिकटून छेडलंत तर आवाज कर्कश आणि पातळ येतो, पडद्यांवर छेडलंत तर मऊ आणि गुळगुळीत. मधली जागा शोधा आणि हात तिथेच ठेवा. बाजूच्या तीन ताळतारा करंगळीने वरच्या दिशेने वाजतात. सुरुवातीला करंगळी हलली की अख्खा तळहात उचलला जातो, मग तर्जनीची जागा चुकते आणि ताल धरता धरता स्वर सुटतो. आमच्या बाईंनी ताळतारा दोन महिने बंदच ठेवल्या होत्या, आणि ते बरंच झालं.

तार झणझणली की सगळे पडद्याला दोष देतात. आधी त्या पडद्यावर सारणीखाली खाच पडली आहे का ते नखाने चाचपून पाहा. तार ओढून गमक घेतल्याने वर्षानुवर्षात अशी खाच पडते. पडदा कारागिराने घासून घेतला की झणझण जाते. खाच नसेल तर बोट पडद्यापासून मागे राहिलं आहे, किंवा दाब अपुरा आहे.

आणि तारा बदलताना सगळ्या एकदम सोडू नका. एक काढा, एक लावा, सूर जुळवा, मगच पुढची. घोडीवर तारांचाच दाब असतो. तो गेला की घोडी हलते, आणि ती नेमकी जागेवर परत आणणं म्हणजे पुन्हा सगळे पडदे ताडून बघणं आलं. माझ्या मित्राने दिवाळीच्या साफसफाईत सातही तारा एकाच वेळी उतरवल्या. घोडी त्याच्या हातात आली. वीणा पुढे तीन आठवडे दुरुस्तीला होती.