गुणाकार सारखा आला तरी धोके सारखे नसतात

जोखीम मूल्यांकनात शक्यता आणि परिणाम यांना 1 ते 5 गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र अहवालात नुसता गुणाकार छापला, तर प्राधान्यक्रम दिसण्याऐवजी झाकला जातो. अमोनियावर चालणाऱ्या एखाद्या शीतगृहाचे उदाहरण घ्या. फोर्कलिफ्टच्या धक्क्याने क्रेट फुटणे जवळजवळ दर आठवड्याला घडते, पण नुकसान किरकोळ असते: शक्यता 5, परिणाम 2. व्हॉल्व्हमधून मोठी वायुगळती क्वचितच होईल, परंतु त्यात कामगारांचे प्राण जाऊ शकतात: शक्यता 2, परिणाम 5. दोन्हींचा गुणाकार 10, आणि यादीत क्रेट वर आले तर बैठकीचा वेळ त्यांच्यावरच खर्च होतो.

म्हणून गुणाकार सारखा असेल तेव्हा अधिक परिणामाचा धोका वर ठेवावा, आणि परिणाम 5 असलेला प्रत्येक धोका, त्याचा गुणाकार कितीही लहान असला तरी, पहिल्याच पानावर घ्यावा. हे गुण केवळ क्रम सांगतात. 10 हे 5 च्या दुप्पट धोकादायक, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. त्यामुळे ‘शक्यता 2 म्हणजे दहा वर्षांत एखादी घटना’ अशी व्याख्या तक्त्याखाली द्यावी.

प्रत्येक ओळीच्या शेवटी मागितलेला निर्णयही स्पष्ट लिहावा, उदाहरणार्थ, ‘गळतीसूचक यंत्रे बसवण्यास मंजुरी हवी, गळती लवकर कळल्याने परिणाम 5 वरून 3 वर येईल, शक्यता मात्र 2 च राहील.’ यातला ‘शक्यता मात्र 2 च राहील’ हा शेवटचा भाग गाळू नये, कारण यंत्र बसले की गळतीच होणार नाही, असा समज बैठकीत सहज होतो.