स्टेटमेंटवरचं अनोळखी नाव कसं ओळखायचं

कार्ड स्टेटमेंटवर `RAZ*SHREE GANESH ENTER BANGALORE IN` असं काही दिसलं, तर ते तुकड्यांनी वाचा. चांदणीआधीची अक्षरं पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाची असतात: `RAZ` म्हणजे रेझरपे, `PYU` म्हणजे पेयू. खरा विक्रेता चांदणीनंतर येतो. चांदणीआधीची अक्षरं, चांदणी आणि मोकळ्या जागा धरून या नावाला साधारण 22 अक्षरांचीच जागा असते, म्हणून इथे 'एंटरप्रायझेस' मध्येच तुटलं आहे. शहरावर फार विसंबू नका. ते बऱ्याचदा दुकानाचं नसून मध्यस्थाचं किंवा नोंदणीकृत कार्यालयाचं असतं.

नाव तरीही अनोळखी वाटतं, कारण पाटीवरचं नाव आणि व्यवसायाचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं. अशा वेळी नावाऐवजी रक्कम शोधा. समजा 649 रुपये कापले गेलेत, तर ईमेल आणि एसएमएसमध्ये '649' टाका आणि स्टेटमेंटच्या तारखेआधीचे तीन-चार दिवसही बघा, कारण नोंद कधीकधी उशिरा पडते. सापडलेल्या जीएसटी बिलावर नोंदणीकृत नाव छापलेलं असतं, ते जुळवा. घरातल्या ॲड-ऑन कार्डवाल्यांनाही विचारा.

तरीही धागा लागला नाही, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. चोरलेलं कार्ड चालतंय का, हे आधी छोट्या रकमेनेच तपासलं जातं. कार्ड लगेच ब्लॉक करून बँकेत तक्रार नोंदवा.