मूल्यशिक्षणाच्या तासाला गोष्ट अर्ध्यावर थांबवा

पाचवी-सहावीच्या वर्गासाठी ही सोपी पद्धत आहे. गोष्ट छोटी घ्यायची, तीनेक मिनिटांत वाचून होईल एवढी, आणि पात्र निर्णय घेणार तिथेच थांबायचं. समजा रेश्माला गणिताच्या पेपरात बेरीज चुकल्यामुळे 4 मार्क जास्त मिळालेत, ते तिच्याशिवाय फक्त शेजारच्या सीमाला दिसलंय, आणि बाई विचारतायत कुणाची काही शंका? बस, इथे पुस्तक बंद.

लगेच 'रेश्माने काय करायला हवं' असं विचारू नका, कारण मुलं तुमच्या तोंडाकडे बघून 'खरं बोलावं बाई' म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते (परीक्षेत लिहायचं उत्तर त्यांना पाठ असतं हो). आधी विचारा, रेश्माच्या मनात आत्ता काय काय चाललं असेल? सीमा गप्प का असेल? मग दोन मिनिटं ज्याने त्याने वहीत लिहायचं, म्हणजे हुशार पोरांचं ऐकून बाकीचे मत बदलत नाहीत.

त्यानंतर एकच तपशील बदला. ते 4 मार्क गेले तर ती नापास होणार असेल तर? इथे खरी मतं बाहेर येतात. कुणी 'मी तर गप्प बसेन' म्हणालं तर दचकू नका, 'का रे?' एवढंच विचारा आणि त्याच्याशी न पटणाऱ्याला बोलू द्या, पण 'तू खोटारडा' असं कुणी म्हणालं तर तिथे मात्र लगेच थांबवा. शेवटी तात्पर्य फळ्यावर लिहायचं नाही, पहिलं मत कुणाचं बदललं आणि कशामुळे, तेवढं वहीत लिहून घ्यायचं.