छोटं टर्बाइन घेताना या चुका टाळा: चवथीचं पाणी शिगम्याला नसतं

सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांतून मला फोन येतात, त्यांची सुरुवात बहुतेक एकाच वाक्याने होते: "टर्बाइन बसवलं, पावसात छान चाललं, आता फिरत नाही." मशीन बिघडलेलं नसतं, निवडताना चूक झालेली असते.

वाळपईच्या पुढच्या एका कुळागरात गेल्या वेळी हेच झालं. झरीपासून खाली मशीनच्या खोलीपर्यंत उतार २८ मीटर, १६० मिलिमीटरचा पाइप साधारण १६० मीटर लांब. स्वस्त पडतो म्हणून सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरवून टर्बाइन केलेला. पावसात सेकंदाला २० लिटर पाणी मिळायचं आणि अडीच-तीन किलोवॅट वीज निघायची. जानेवारीत दिवे पेटेनात. मी विचारलं, "काका, पाणी मोजलं कधी?" म्हणाले, "चवथीच्या दुसऱ्या दिवशी."

पाइपच्या तळाला प्रेशर गेज होता. पावसात मशीन चालू असताना तो २.६ किलो दाखवायचा, आता काटा पाव किलोवर होता. एक किलो दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी, त्यालाच हेड म्हणतात. म्हणजे २८ मीटर उतारातलं जेमतेम अडीच मीटर हेड मशीनपर्यंत पोचत होतं. काकांनी आधी पाइप फुटला असं समजून दोन दिवस तो उकरला होता.

पाइप धड होता. उलटा पंप हे रिअॅक्शन टर्बाइन. त्याचं केसिंग पाण्याने भरलेलं असतं, दाब रनरमधून, म्हणजे फिरणाऱ्या चाकातून, जाताजाता उतरतो आणि पंपात पाण्याची वाट कमी-जास्त करायची सोय नसते. वाट २० लिटरची आणि येतात ६ लिटर, तर पाइप भरलेलाच राहत नाही. पाणी तीस टक्क्यांवर आलं की दाब त्याच्या वर्गाने पडतो, म्हणजे नऊ टक्क्यांवर. २६-२७ मीटरचे नऊ टक्के काढा, गेजवरचाच आकडा येतो. याच जातीच्या मोठ्या फ्रान्सिस टर्बाइनला वाट कमी-जास्त करणाऱ्या गाइड व्हेन असतात, कॅप्लान टर्बाइनची पाती वळतात, त्यामुळे त्यांना कमी पाणी बरंच सोसतं. कुळागराच्या आकाराच्या स्वस्त मशीनला यातलं काही नसतं.

तिथे आम्ही चार नोझलचं टर्गो बसवलं. हे इम्पल्स टर्बाइन: सगळा दाब नोझलमध्येच वेगात बदलतो आणि रनर मोकळ्या हवेत फिरतो. या हेडला धार सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने सुटते, त्यामुळे १७ मिलिमीटरच्या एका नोझलमधून ५ लिटर जातं. पावसात चारही उघडी, जानेवारीत तीन बंद. पाइप भरलेला राहतो, दाब पूर्ण मिळतो. उन्हाळ्याकडे पाऊण किलोवॅटच निघतो, पण तो रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला अठरा युनिट.

म्हणून माझी सवय अशी: पाणी शिगम्याच्या आसपास मोजायचं. पाटाखाली २०० लिटरचा ड्रम लावायचा आणि घड्याळ धरायचं. तेहेतीस सेकंदांत भरला तर ६ लिटर. हे तीनदा करायचं. एका पावसाळी भेटीत मशीनची ऑर्डर देऊन टाकणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. त्यांना घाई सहा महिन्यांची असते, मशीन वीस वर्षं राहतं.

याचा अर्थ प्रत्येक जागी इम्पल्स घ्या असा नाही. बंधाऱ्याजवळ ३ मीटर उतार आणि बारा महिने सेकंदाला ३०० लिटर असताना "पेल्टन सोपं असतं" म्हणणारे मला भेटलेत. पेल्टन हेही इम्पल्सच. तेवढं पाणी त्या हेडला एका नोझलमधून सोडायचं तर नोझल जवळजवळ २२ सेंटीमीटर व्यासाचं लागेल, म्हणजे रनर खोलीत मावायचा नाही. शिवाय इम्पल्सचा रनर खालच्या पाण्याच्या वर ठेवावा लागतो. तो एक मीटर वर ठेवला की तीनातला एक मीटर फुकट गेला. इथे प्रोपेलर जातीचं रिअॅक्शन टर्बाइनच घ्या. त्याची ड्राफ्ट ट्यूब, म्हणजे रनरखालचा पाइप, खालच्या पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे रनरखालचा तो मीटरही बराचसा वसूल होतो. ड्राफ्ट ट्यूबमध्ये सांध्यातून हवा शिरता कामा नये, एवढं पाहा.

पाइपमध्ये काटकसर करू नका. वरच्याच कुळागरात १६० ऐवजी ११० मिलिमीटरचा पाइप असता, तर २० लिटरला नऊ-दहा मीटर हेड घर्षणातच गेलं असतं. पाइप अजून टाकला नसेल, तर निवड करताना हेडमधून हे नुकसान आधी वजा करा.

आणि इम्पल्स घेणार असाल तर खोलीची जमीन किती उंच ठेवायची ते ओहोळाला विचारा. जुलैच्या पुराची गाळाची रेघ काठच्या पोफळींच्या खोडांवर महिनाभर तरी दिसते. रनर त्या रेघेच्या वर हवा. बुडाला तर तो पाणीच घुसळत बसतो आणि ऐन भर पाण्याच्या दिवसांत वीज जाते.